'एकाच केबलवर स्विच'वाल्या मॉनिटरचे ₹13,999 गेले, तुमचे वाचवा

चतुर्थीला मुंबईहून भाचरं येणार, माजघरातल्या टीव्हीवर आरत्या नि मालिका, म्हणून निनटेंडो स्विच ह्या हातात धरायच्या गेम-यंत्रावर पडवीत खेळायला पोर्टेबल मॉनिटर घेतला. सोशल मीडियावरची जाहिरात होती: 15.6 इंच, 4के, 120 हर्ट्झ, 'निनटेंडो स्विचला थेट, डॉक नको, एकच केबल'. डॉक म्हणजे स्विच खोचून चित्र टीव्हीवर पाठवायचा स्टँड. किंमत ₹11,499, कुरिअर ₹650. मालवणात असला मॉनिटर हातात घेऊन बघायला कुठलं दुकान आहे? त्यामुळे 'न बघता कशाला घेतलंस' हे मला कोणी शिकवू नये.

जोडला तर 'नो सिग्नल'. विक्रेता म्हणाला, "दादा, पॉवर कमी पडतेय, आमचा स्पेशल 65 वॉटचा चार्जर घ्या." आणखी ₹1,850. एकूण ₹13,999.

तो चार्जर आला. वर ठळक 65डब्ल्यू. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: 5 व्होल्ट 3 अँपियर, 9 व्होल्ट 2, 12 व्होल्ट 1.5. गुणाकार करा, 18 वॉटच्या वर जातच नाही! आणि 15 व्होल्ट कुठेच नाही. पहिल्या स्विचच्या मूळ अडॅप्टरवर 15 व्होल्ट 2.6 अँपियर लिहिलेलं असतं, म्हणजे 39 वॉट. बाहेरच्या पडद्यावर चित्र पाठवायला त्या स्विचला ते 15 व्होल्ट लागतात, नुसतं चार्जिंगचं चिन्ह दिसून भागत नाही. चार्ज होतोय पण स्विचचा स्वतःचा पडदा चालूच आहे, म्हणजे चित्र बाहेर गेलेलं नाही. त्याच्यासाठी चार्जर घेताना वॉट नका बघू, 15 व्होल्टची ओळ शोधा.

मग मी मूळ अडॅप्टर मॉनिटरच्या दुसऱ्या यूएसबी-सी पोर्टला लावला आणि पहिल्या पोर्टातून स्विचला केबल. तरी काळोख. शेजारच्या पोराचा लॅपटॉप त्याच केबलने लावला तर चित्र झकास, पण लॅपटॉप चार्ज होईना. तेव्हा खरी मेख कळली. मॉनिटर चित्र घेतो, पण अडॅप्टरची वीज स्वतःच खातो, पुढे पाठवत नाही. स्विचला त्याच केबलमधून वीज उलटी मिळायला हवी. ती सोय नसेल तर डॉकशिवाय काही होत नाही, आणि 'एकाच केबलवर' हे शब्द शुद्ध थाप ठरतात.

आता मला जे जाळतंय ते सांगतो. विक्रेत्याचा व्हिडिओ मी पैसे भरण्याआधी बघितला होता. टेबलावर काळ्या पडद्याचा स्विच, मॉनिटरवर गाडी पळतेय. पण मॉनिटरच्या कडेला खुपसलेला प्लग यूएसबी-सीसारखा लंबगोल नव्हता, खालचे कोपरे तिरके कापलेले होते. तो मिनी एचडीएमआय! म्हणजे चित्र टेबलाखालच्या डॉकमधून येत होतं आणि वरचा स्विच नुसता शोभेला. डोळ्यांसमोर होतं हो! पण गाडी पळत असताना प्लगचे कोपरे कोण मोजतं?

4के-120 ची गंमत वेगळीच. पहिल्या स्विचमधून डॉकवर फार तर 1080पी, 60 हर्ट्झ निघतं, हातात धरून 720पी. स्विच लाइटमधून तर चित्र बाहेर निघतच नाही, तो असेल तर मॉनिटरचा विचारच सोडा. 4के आणि 120 हर्ट्झ हे स्विच 2 चे आकडे, तेही डॉकमध्ये आणि एकाच वेळी दोन्ही नाहीत: 4के असेल तर 60, 120 हवं तर 1440पी किंवा 1080पी. माझ्या मॉनिटरचं पॅनेल 1920 बाय 1080 चंच निघालं. 4के सिग्नल 'घेतो' आणि आकसून दाखवतो, एवढाच त्या 4के चा अर्थ. पैसे देण्याआधी पॅनेलचं मूळ रिझोल्यूशन लेखी मागा.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना?" पोलीस ठाण्यात गेलो. "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक न्यायालयात जा." मी केबल, चार्जर, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं टेबलावर मांडलं. साहेबांनी मॉनिटर उलटासुलटा केला नि विचारलं, "ह्यावर क्रिकेट दिसतं का?" जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, तिथे म्हणाले विक्रेता परराज्यातला, तिकडे तक्रार करा. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली ती कोणाच्या खात्यात? अर्ज घेतला, पोच मात्र भांडल्यावर दिली. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. आणि पैसे गेल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा, मी आधी विक्रेत्याशीच वाद घालत बसलो, तोवर त्याने खातं रिकामं केलं असणार.

सध्या डॉक आणि मिनी एचडीएमआय केबल लावून मॉनिटर चालतो. डॉकला एक प्लग, मॉनिटरला दुसरा, म्हणजे लाईट गेली की दोन्ही बंद. पॉवर बँकेवर पडवीत खेळायचं म्हणून तर घेतला होता.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, आता ₹10,999 ला. कोणी घेणारच असेल तर त्याच्याकडून लाइव्ह व्हिडिओ कॉल मागा: मॉनिटरच्या दोन्ही कडा दाखव, भिंतीतल्या प्लगपासून स्विचपर्यंत केबल बोटाने फिरव, मग केबल उपसून परत लाव. मी आता मागितला, तर त्याने मला ब्लॉक केलं.