सर्दीत आवाजासाठी पाण्यातली नळी: गणपतीपासून आजवर वापरून काय वाटलं

आधी सांगते मी कोण, म्हणजे कुणाला उपयोगी पडेल ते कळेल. कोथरूडमध्ये शाळेत शिकवते, पाचवी-सहावीचे वर्ग, आणि रविवारी कॅम्पात एका क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, गाते. म्हणजे आठवडाभर पंख्याच्या आवाजावर ओरडायचं आणि रविवारी तोच घसा घेऊन सुरात उभं राहायचं. पुण्यात पावसाळा संपला की सर्दी ठरलेली, आणि डिसेंबरात कॅरल्सच्या तालमी जोरात असतात तेव्हाच वर्गातली निम्मी मुलं शिंकत असतात.

वस्तू म्हणाल तर एकदम साधी. सिलिकॉनची मऊ नळी, साधारण ३५ सेंमी लांब, आतून १० मिमीच्या आसपास, आणि अर्ध्या लिटरची बाटली, त्यात तिसरा हिस्सा पाणी. फिनलंडमध्ये स्पीच थेरपिस्ट लोकांनी ही पद्धत बसवली, लॅक्स व्हॉक्स म्हणतात तिला. सुरुवातीला मी नारळपाणीवाल्याकडची कागदी स्ट्रॉ वापरून बघितली, पण ती ओठात दोन मिनिटांत लगदा होते. फिशटँकच्या दुकानात नळी मिळते पण ती तोंडात घालायची आहे, म्हणून फूड ग्रेड आहे का ते विचारूनच घ्या, नाहीतर सरळ स्टीलची स्ट्रॉ बरी.

करायचं काय, तर नळीचं टोक पाण्यात २ सेंमी बुडवायचं, दुसरं टोक ओठांत धरायचं (चावायचं नाही), आणि आतून "ऊ" असा आवाज काढायचा. नुसती फुंकर नाही हां, आवाज पाहिजे. पाण्यात बुडबुडे येतात, गाल थरथरतात, घरातले हसतात. बाटली छातीशी धरायची, कारण टेबलावर ठेवली की मान पुढे वाकते आणि मग घसा आवळतो. आधी एकाच आरामाच्या सुरावर, मग खालून वर आणि वरून खाली घसरत, मग जे गाणं गायचंय त्याची चाल तशीच नळीतून. पाच मिनिटं पुरे. मग नळी बाजूला ठेवून तीच चाल "म" वर आणि शेवटी शब्दांवर.

याने होतं काय ते कळलं की चुका आपोआप कमी होतात. बोलताना व्होकल कॉर्ड एकमेकींवर आपटत असतात, बायकांच्या आवाजात सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा. तोंड जवळजवळ बंद असलं आणि पुढे पाणी असलं की हवेचा थोडा दाब उलटा मागे येतो, त्यामुळे कॉर्ड थरथरतात पण आपटतात हळू. पण नळी खोल गेली तर खेळ उलटतो. साधं बोलताना फुफ्फुसातून जो दाब लागतो तो साधारण ५ ते १० सेंमी पाण्याच्या उंचीइतका, आता तुम्ही नळीच १० सेंमी खोल घातली तर सगळी ताकद नुसती बुडबुडे काढण्यातच जाणार ना. आमच्या क्वायरमधले एक काका बाटलीच्या तळाला टेकवून करायचे आणि "मला तर याने जास्तच दमायला होतं" म्हणायचे, टोक वर घेतल्यावर तक्रार गेली. चुकतंय हे ओळखायचं कसं, तर मानेच्या शिरा फुगतात, वरच्या सुराला बुडबुडे थांबतात किंवा एकदम उसळतात. नीट चाललं तर बुडबुडे बऱ्यापैकी एकसारखे राहतात.

आता सर्दीचं, कारण खरा उपयोग मला तिथे झाला. नेहमीच्या दिवसात ही नळी छान वॉर्मअप आहे, पण ओठ फुर्र करूनही तेवढंच काम होतं, त्यासाठी मुद्दाम घ्यायची गरज नाही.

डिसेंबरात आधी घसा खवखवला, मग नाक वाहायला लागलं, आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात आवाज जाड झाला. वर्गात एक पोरगं म्हणालं, "मॅडम, तुमचा आवाज बाबांसारखा येतोय." गंमत अशी की मोठ्याने गायलं तर सगळं येत होतं, त्यामुळे गाऊ शकेन असं वाटत होतं. पण कॉर्डची सूज कळते ती हळू आणि उंच गाताना. माझी चाचणी अशी असते, काळी चारला सा धरायचा, अगदी झोपलेल्या बाळाजवळ गावं इतक्या बारीक आवाजात "हू हू हू" तुटक म्हणत एकेक सूर वर जायचं. एरवी मी तार पंचमापर्यंत जाते. त्या आठवड्यात तार गंधारावरच आधी नुसती हवा यायची आणि आवाज मागाहून, आणि पुढे तर गायबच. जोर लावला की यायचा, पण जोर लावून आला तर तो धरायचा नाही, कारण सुजलेल्या कॉर्ड जोराने एकत्र दाबल्या जातात एवढाच त्याचा अर्थ.

मग ठरवलं असं. नळी दिवसातून तीन-चार वेळा पण दोन-दोनच मिनिटं आणि फक्त मधल्या पट्टीत, वर जायचंच नाही. वर्गात बोलणं निम्म्यावर, शांत करायला टाळी आणि टेबलावरची घंटी, वाचन मुलांकडून. कुजबुजून बोलले नाही, बऱ्याच जणांचा त्यात घसा आणखी आवळतो, त्यापेक्षा हळू पण खरा आवाज बरा. क्वायरच्या सरांना आधीच सांगितलं, "सर, वरच्या दोन ओळींना मी नुसतं तोंड हलवणार." सर म्हणाले, "हलवा, पण हसत हलवा." रविवारी चाचणी गंधाराच्या एक सूर वर गेली होती, म्हणून खालच्या ओळी गायले आणि वरच्या सोडल्या. नंतर खोकला रेंगाळला आणि चाचणी पंचमावर परत यायला बराच वेळ लागला, नाक कधीच मोकळं झालं होतं तरी. म्हणजे सर्दी गेली म्हणून आवाज आला असं धरू नका.

नळीने सर्दी बरी होत नाही हे स्पष्ट सांगते. आवाज पूर्णच गेला असेल किंवा करताना दुखत असेल तर नळीही नको, गप्पच बसायचं. ज्येष्ठमध, मध, गुळण्या यांनी घशाला बरं वाटतं, मीही घेते, पण गिळलेलं काही कॉर्डवरून जात नाही, गेलं तर ठसकाच लागेल. वाफ मात्र तिथवर पोचते, भांडं उकळतं नको आणि चेहरा जरा लांब ठेवा. सर्दीच्या काही गोळ्यांनी नाकाबरोबर घसाही कोरडा पडतो, म्हणून डॉक्टरांना "मला बोलायचं काम आहे" हे सांगून टाका. घोगरेपणा तीन-चार आठवडे राहिला तर घरगुती काही न करता ईएनटीकडे कॅमेऱ्याने बघून घ्या.

तोटे म्हणाल तर स्टाफरूममध्ये करता येत नाही, सगळे हुक्का म्हणून चिडवतात. आणि धुवायचा कंटाळा. सर्दीत पाणी दर वेळी नवं, नळी साबणाने धुऊन उभी वाळवायची, आत ओल राहिली की वास येतो. तालमीला प्रत्येकाची नळी आणि बाटली वेगळी, यावर आमच्याकडे कुणाला सूट नाही.