ड्राय की वेट मार्टिनी?

मार्टिनी हे जिन आणि व्हरमूथ या वनस्पती घातलेल्या वाइनचं कॉकटेल. ड्राय म्हणजे व्हरमूथ कमी, वेट म्हणजे जास्त. मी दोन्ही एकाच जिनने शेजारी शेजारी करून पाहिल्या: एका ग्लासात ६० मिली जिनला १० मिली ड्राय, म्हणजे गोड नसलेली, व्हरमूथ, दुसऱ्यात २० मिली. दोन्ही भरपूर बर्फात अर्धा मिनिट ढवळून गाळल्या.

पहिलीत जिनमधल्या जुनिपर बेरीचा वास आधी नाकात शिरतो आणि घोट घशाला चटका देत उतरतो. दुसरी गोलसर लागते. व्हरमूथमधल्या वनस्पतींचा हलका कडवटपणा जिनच्या मागून येतो. मला दुसरी जास्त आवडते, पण व्हरमूथ ताजी असेल तरच. ती मुळात वाइन आहे. उघडलेली बाटली कपाटात महिनोन् महिने राहिली की रंग पिवळसर तपकिरी होतो, वास शिळ्या सफरचंदासारखा येतो आणि वेट मार्टिनीत हा दोष लपत नाही. बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

लिंबाची साल ग्लासावर धरून मुरडली की पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब चमकतात. हा वास जिनमधल्या सालींशी जुळतो, म्हणून वेटला मी सालच लावते. ऑलिव्हचा खारटपणा ड्रायला शोभतो. मात्र ते आधी निथळून घ्या, नाहीतर खारं पाणी सगळ्यावर मात करतं.

व्होडकाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्यामुळे जिनऐवजी ती घेतलीत तर ऑलिव्ह आणि कडक गारवा हवाच. व्हरमूथ फार कमी केली तर ग्लासात नुसती गार व्होडका उरते.