कॅमेऱ्यासाठी स्टॅटिक आयपी घ्यायचा का? आधी राउटरमधला एक आकडा बघा

गावच्या घरी चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर बसवला, आई-बाबा तिकडे आणि मी पुण्यात, म्हणून. कॅमेरेवाल्याने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग टाकलं, 8000 नंबरचा पोर्ट डीव्हीआरच्या 192.168.1.64 वर, आणि "झालं साहेब, आता कुठूनही बघा" म्हणून निघून गेला. घरच्या वायफायवर सगळं दिसत होतं म्हणून मीही खूश. पुण्यात येऊन मोबाईल डेटावर उघडलं तर नुसतं गोल फिरतंय. मग दोन रात्री बाबांना फोनवरून वायरी काढायला-घालायला लावल्या, ते बिचारे टॉर्च धरून उभे, आणि शेवटी कळलं की राउटरमध्ये चूक नव्हतीच.

चूक कुठे होती ते एका आकड्यात दिसतं. राउटरच्या स्टेटस पानावर WAN IP असा रकाना असतो, तो बघायचा, आणि त्याच वायफायवरून गुगलमध्ये what is my ip टाकून येणारा आकडा बघायचा. (त्या उत्तरात लांबलचक, कोलनवाला पत्ता आला तर तो IPv6 आहे, आपल्याला इथे IPv4 हवा.) दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे, भाग्यवान आहात. वेगळे असतील तर दोन शक्यता. राउटरमध्ये 192.168 ने सुरू होणारा आकडा असेल तर बहुतेक घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत, कंपनीचा डबा आणि तुमचा स्वतःचा, मग कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकून परत बघा. आणि 100.64 ते 100.127 मधला आकडा असेल, माझ्याकडे होता तसा, तर विषय संपला. ही रेंज 2012 मध्ये खास ह्याच कामासाठी बाजूला काढून ठेवलेली आहे, म्हणजे तुमच्या पुढे प्रोव्हायडरचं अजून एक मोठं नॅट बसलंय, एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटणारं. त्याला सीजीनॅट म्हणतात. काही प्रोव्हायडर इथे 10 ने सुरू होणारा पत्ताही देतात, अर्थ तोच.

ऑफिसातला जुना ईपीएबीएक्स आठवा. बाहेर जाणारी लाईन एक, आत पन्नास एक्स्टेन्शन. आतून कोणीही बाहेर फोन लावू शकतो आणि समोरचा त्याच कॉलवर उत्तरही देतो. पण बाहेरून कोणी त्या नंबरवर फोन केला आणि ऑपरेटरच नसेल तर कॉल कोणाच्या टेबलावर वाजवायचा? सीजीनॅटमध्ये अगदी हेच. मी पुण्यातून त्या पत्त्याच्या 8000 पोर्टवर ठोठावलं तरी ते प्रोव्हायडरच्या मशिनपर्यंतच पोचतं, तिथे त्या पोर्टची नोंद नाही, पॅकेट टाकून दिलं जातं. माझ्या घरच्या राउटरमधला नियम बरोबर असूनही त्याच्यापर्यंत काही येतच नाही.

मग प्रोव्हायडर तिकडे पोर्ट का उघडत नाही? कारण एका पत्त्याला पोर्ट साधारण 65 हजारच. तो पत्ता समजा 50 घरांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला तेराशेच्या आसपास, आणि 8000 नंबरचा पोर्ट तर एकच, तो तुम्हाला दिला तर शेजाऱ्याच्या डीव्हीआरला काय द्यायचं. आणि मुळात पत्तेच कमी आहेत, IPv4 चे सगळे मिळून सव्वाचारशे कोटींच्या आसपास, आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा 2011 च्या एप्रिलमध्येच तळाला गेला. तुम्हाला स्टॅटिक, कधीच न बदलणारा आयपी द्यायचा म्हणजे पन्नास घरांत चालणारा पत्ता एकट्या तुमच्या नावावर अडकवून ठेवायचा. म्हणून तो वेगळ्या पैशाने, बऱ्याचदा बिझनेस प्लॅनसोबतच मिळतो. राग येतो पण हिशोब कळतो.

आता पर्याय.

पहिला, स्टॅटिक आयपी. तो घेतला तर पोर्ट फॉरवर्डिंग सरळ चालतं, मधे कोणाचा सर्व्हर नाही, घरचा अपलोड स्पीड चांगला असेल तर मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण क्वालिटीचं चित्रही नीट दिसतं. पण तो डीव्हीआर जगाला उघडा पडतो. 2016 मधलं मिराय प्रकरण, लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर फॅक्टरीच्या पासवर्डवर सापडले आणि हल्ल्याला जुंपले गेले, ते असेच उघडे होते. फर्मवेअर अपडेट करत बसणार नसाल तर ह्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानाच्या चार शाखा एका जागी रेकॉर्ड करायच्यात, किंवा समोरच्याला तुमचा ठरलेला आयपीच त्यांच्या फायरवॉलमध्ये टाकायचाय, तिथे स्टॅटिकचे पैसे वसूल.

दुसरा, बदलता पब्लिक आयपी. इथे एका गोष्टीत लोक गोंधळतात. कॅमेऱ्यासाठी *स्टॅटिक* नाही, *पब्लिक* आयपी लागतो. पत्ता अधूनमधून बदलला तरी डीडीएनएस लावून काम भागतं, राउटर नवीन पत्ता एका नावाला कळवत राहतो. काही प्रोव्हायडर मागितल्यावर सीजीनॅटमधून काढून असा बदलता पब्लिक आयपी देतात, म्हणून आधी तेच विचारा. उलट सीजीनॅटमध्ये असताना डीडीएनएस लावणं म्हणजे त्या ईपीएबीएक्सचाच नंबर डायरीत लिहून ठेवणं, उपयोग शून्य. हे मी केलंय.

तिसरा, डीव्हीआरच्या कंपनीचं क्लाउड अॅप. डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडून बसतो, मोबाईलही तिथेच जातो, म्हणजे बाहेर जाणारी लाईन वापरली, सीजीनॅटची अडचणच येत नाही. क्यूआर स्कॅन केला की पाच मिनिटांत चालू. तोटा असा की थेट जोडणी जमली नाही तर व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येतो, मग मेन स्ट्रीम अडकतो, कमी क्वालिटीच्या सब स्ट्रीमवर बघावं लागतं. आणि घरातलं चित्र कोणाच्या सर्व्हरच्या भरवशावर ठेवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

चौथा, मी जो ठेवलाय तो, Tailscale, घरचं मशीन आणि फोन एका खाजगी नेटवर्कात जोडणारी सोय. घरी कायम चालू राहणारं एक छोटं मशीन लागतं, माझ्याकडे जुना रास्पबेरी पाय आहे. त्यावर आयपी फॉरवर्डिंग चालू केलं आणि हे दिलं:

```
sudo tailscale up --advertise-routes=192.168.37.0/24
```

मग अॅडमिन पानावर तो रूट मंजूर करायचा, आणि फोनवर त्यांचं अॅप टाकलं की डीव्हीआर घरच्याच पत्त्यावर उघडतो, एकही पोर्ट न उघडता. आता 37 का? कारण आधी घरचं नेटवर्क 192.168.1 होतं आणि माझ्या पुण्याच्या वायफायवरही तेच, फोनला कळेना कुठला 192.168.1.64, मोबाईल डेटावर चालायचं आणि वायफायवर नाही. घरचा आकडा बदलला, मिटलं. गंमत म्हणजे Tailscale फोनला जो पत्ता देतं तोही 100 च्या त्याच रेंजमधला असतो, तो बघून सीजीनॅटच्या नावाने घाबरू नका. दोष एकच, गावाकडे लाईट जाऊन आली आणि तो पाय नीट उठला नाही तर परत बाबा आणि टॉर्च, म्हणून तो आता राउटरच्या यूपीएसवर टाकलाय.

IPv6 वर प्रत्येक घराला स्वतःचे पब्लिक पत्ते मिळतात त्यामुळे हा शेअरिंगचा गोंधळच नाही, पण माझ्या जुन्या डीव्हीआरला ते धड येत नाही आणि राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं अडवतेच, तिथे वेगळा नियम लिहावा लागतो. नवीन एनव्हीआर घेणार असाल तर तपासा.

साधं बघण्यापुरतं हवं असेल तर क्लाउड अॅप घ्या, थोडं हात मळवायची तयारी असेल तर चौथा. तरीही पब्लिक किंवा स्टॅटिक आयपीच हवा असेल तर पैसे भरण्याआधी प्रोव्हायडरला एवढं विचारून घ्या की बाहेरून येणारे कुठले पोर्ट तुम्ही बंद ठेवता, कारण काही जण पब्लिक आयपीवरही 80 सारखे पोर्ट अडवतात. आणि चालू झाल्यावर तपासताना घरच्या वायफायवरून तपासू नका, फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून बघा, मी तिथेच फसलो होतो.