जुना राउटर ४०० रुपयांना विकला, त्यासोबत माझी नेटची आयडीही गेली

लातुरात औसा रोडच्या बाजूला माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, परीक्षांचे फॉर्म अशी कामं वर्षभर चालतात आणि जुलैत पीक विम्याची झुंबड उडते. नेट बंद म्हणजे दुकान बंद, असा हा धंदा. गेल्या वर्षी ऐन विम्याच्या दिवसांत माझं नेट रोज जात होतं आणि त्याचं मूळ मीच मे महिन्यात विकलेल्या एका जुन्या राउटरमध्ये होतं. घरात जुना राउटर पडलेला असेल आणि भंगारवाल्याला किंवा पाहुण्यांना द्यायचा विचार असेल, तर हे आधी वाचा.

मे महिन्यात मी नवा राउटर घेतला. आमच्याकडे नेट एका स्थानिक केबलवाल्याचं आहे. खांबावरून इमारतीत वायर येते आणि राउटरमध्ये त्यांनी दिलेली आयडी आणि पासवर्ड भरला की नेट सुरू होतं. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. लाइनमन पोरगा आला, त्याने नवा राउटर लावला, जुनीच आयडी त्यात भरली. वायफायचं नाव आणि पासवर्डही मी जुनाच ठेवायला सांगितला, म्हणजे दुकानातले फोन आणि प्रिंटर पुन्हा जोडायला नकोत.

जुना राउटर आठवडाभर टेबलाखाली पडून होता. मग गंजगोलाईजवळ जुने मोबाइल, चार्जर, राउटर घेणाऱ्या एका दुकानदाराकडे तो घेऊन गेलो. त्याने ॲडॉप्टरसह ४०० रुपये सांगितले. मी विचारलं, "यातलं काही पुसावं लागतं का?" तो म्हणाला, "मी करतो की सर रिसेट, तुम्ही कशाला टेन्शन घेता." मी पैसे घेतले आणि निघालो. माझी समजूत अशी होती की राउटर इतके दिवस विजेविना पडलाय, म्हणजे आतलं सगळं गेलंच असणार. ही समजूत साफ चुकीची होती. राउटरची सेटिंग आतल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेली असते आणि ती वीज नसतानाही टिकते. वर्षभर कपाटात ठेवला तरी आयडी, पासवर्ड, वायफायचं नाव जसंच्या तसं राहतं.

जूनमध्ये पहिली खूण दिसली, पण मला ती कळली नाही. माझा प्लॅन महिन्याला ४०० जीबीचा. एरवी माझं सव्वाशेच्या आसपास जायचं. त्या महिन्यात १७ तारखेलाच मेसेज आला की मर्यादा संपली, आता वेग कमी होईल. मी पोरांना रागावलो, बायकोला विचारलं, शेवटी जास्तीचे पैसे भरून डेटा वाढवून घेतला. त्याच सुमारास सकाळी ९ ला दुकान उघडलं की नेट लागायला वेळ व्हायचा. कधी अर्धा तास, कधी पाऊण तास. मग आपोआप सुरू. मी ते लाइनचा बिघाड समजून सोडून दिलं.

जुलैत मात्र हद्द झाली. आमच्या भागात दुपारी लाइट जायची. माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी त्याच उन्हाळ्यात बाद झाली होती, त्यामुळे राउटर बंद पडायचा. लाइट आली की राउटर चालू व्हायचा, वायफाय दिसायचं, पण नेट नाही. राउटरच्या पानावर पाहिलं तर लॉगिन नाकारल्याचं दिसायचं. आयडी तीच, पासवर्ड तोच, बिल भरलेलं, मग नाकारतंय का? एकदा सायंकाळी ४ ला लाइट आली आणि रात्री उशिरापर्यंत नेट आलं नाही. मुदत संपायला तीन दिवस होते. औसा तालुक्यातून आलेले शेतकरी बाकावर बसून होते आणि मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकेक फॉर्म भरत होतो. एक आजोबा दुसऱ्या केंद्रावर गेले, तिथं रांग होती, परत माझ्याकडे आले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी लाइनमनला अक्षरशः धरून बसवलं. त्याने ऑफिसला फोन लावला आणि मग म्हणाला, "सर, तुमची आयडी तर चालू दिसतीय की. पण दुसरीकडं लागलीय." एका आयडीवर एकावेळी एकच लॉगिन चालेल असं त्यांच्या सर्व्हरवर होतं. जो आधी लागेल त्याला नेट, दुसऱ्याला नकार. माझा राउटर बंद पडला की काही मिनिटांत सर्व्हर माझी जागा मोकळी करायचा. दुसरा राउटर सारखा डायल करत बसलेलाच असायचा, तो लगेच आत घुसायचा. मी रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो, म्हणजे रात्रभर माझी आयडी त्याच्याकडेच. ४०० जीबी कुठं गेले ते तेव्हा कळलं.

ऑफिसवाल्याने त्या दुसऱ्या राउटरचा मॅक ॲड्रेस सांगितला. मॅक म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यात दिलेला बारा अक्षरी क्रमांक. माझ्या नव्या राउटरशी तो जुळत नव्हता. मला अचानक जुन्या राउटरचा खोका आठवला, तो माळ्यावर होता. खाली काढला आणि स्टिकर पाहिलं. शेवटचं एक अक्षर सोडून सगळं तेच! स्टिकरवर शेवटी `7B`, ऑफिसात दिसणारा `7C`. लाइनमन म्हणाला की बाहेरची वायर लागते त्या पोर्टचा क्रमांक पुष्कळ राउटरमध्ये स्टिकरपेक्षा एकने पुढचा असतो. म्हणजे तो माझाच राउटर होता. खोके जपून ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

मग प्रश्न आला की केबलवाल्याने हे चालू कसं दिलं. पूर्वी माझी आयडी जुन्या राउटरच्या मॅकला बांधलेली होती. नवा राउटर लावताना त्यांनी ती मोकळी केली आणि पुन्हा नव्याला बांधायचं राहून गेलं. त्यामुळे त्यांच्या जाळ्यातल्या कुठल्याही वायरीवरून माझी आयडी चालत होती.

लाइनमनने कोणत्या इमारतीच्या स्विचवर तो मॅक दिसतो ते शोधलं. क्लासेसच्या भागातलं मुलांचं एक वसतिगृह निघालं. तिथं आधीच्या भाडेकरूची बंद पडलेली वायर भिंतीत तशीच होती, तीच वसतिगृहवाल्यांनी राउटरला लावली होती. तिथले व्यवस्थापक वयाने मोठे, सरळ माणूस. ते म्हणाले, "मला तर सांगितलं की यात वर्षभराचं नेट भरलेलंय. अठराशे दिले मी." सकाळी साडेनऊच्या सुमाराला सगळी मुलं क्लासला गेली की ते मेन स्विच बंद करायचे. माझं सकाळचं कोडं तिथं सुटलं. दुपारी मुलं परत आली की राउटर पुन्हा चालू, आणि त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता.

म्हणजे दुकानदाराने राउटर रिसेट केलाच नव्हता. स्वतःच्या दुकानात त्याच केबलवाल्याची वायर लावून पाहिली, नेट लागलं, आणि माझी आयडी त्याने माल म्हणून विकली. आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, "मला काय माहीत त्यात काय होतं ते? तुम्हीच पुसून द्यायचं होतं." त्याने मला दिलेला शब्द त्याला आठवत नव्हता. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना त्याने हजार रुपये परत केले, मला काहीच नाही. जास्तीच्या डेटाचे पैसे आणि विम्याचे गेलेले दिवस माझ्या पदरात.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती वाटली. त्या दोन महिन्यांत त्या मुलांनी नेटवर जे काही केलं, त्याची नोंद माझ्या नावाच्या आयडीवर आहे. नेट देणाऱ्यांना अशा नोंदी किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात. उद्या कुणी त्या नेटवरून कुणाला धमकी दिली असती, तर पोलीस आधी माझ्या दारात आले असते. म्हणून मी केबलवाल्याकडून कोणत्या मॅकवरून कधी लॉगिन झालं याची छापील यादी शिक्क्यासह घेतली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. तुमच्या बाबतीत असं झालं आणि त्यात पैसे गेले, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

त्याच दिवशी केबलवाल्याकडून आयडीचा पासवर्ड बदलून घेतला आणि ती नव्या राउटरच्या मॅकला बांधून घेतली. खरा बंदोबस्त हाच. राउटर हातातून गेला असेल, किंवा जळाला असेल आणि चालूच होत नसेल, तरी एवढं करता येतं. आपला वायफायचा पासवर्डही बदलला, कारण तो दुकानदाराला राउटरमध्ये वाचता येत होता आणि त्याचं दुकान माझ्या बोळापासून फार लांब नव्हतं.

व्यवस्थापकांनी तो राउटर मला परत दिला. आता तो मी स्वतः पुसायला बसलो, आणि पहिल्या वेळी तिथेही चुकलो. मागच्या बारीक भोकात पिन घालून तीन-चार सेकंद दाबली, दिवे विझून लागले, मला वाटलं झालं. पण फोनवर माझंच वायफायचं नाव दिसत होतं. थोडा वेळ दाबल्याने तो नुसता पुन्हा सुरू झाला होता. काही राउटरमध्ये हेच बटण थोडा वेळ दाबलं तर वेगळंच काम करतं. मग राउटर चालू ठेवूनच पिन दहा-बारा सेकंद, सगळे दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरली आणि दोन मिनिटं त्याला हात लावला नाही. बंद राउटरवर कितीही दाबलं तरी काही होत नाही. पिनेची भीती वाटत असेल तर ब्राउझरमध्ये `192.168.0.1` किंवा स्टिकरवर लिहिलेला पत्ता उघडून `Factory Defaults` हा पर्याय शोधा, काम तेच होतं.

पुसल्यावर पाहिल्याशिवाय मी आता विश्वास ठेवत नाही. वायफायचं नाव स्टिकरवर छापलेलं आलं. आत शिरताना माझा पासवर्ड चालला नाही, कारखान्याचा चालला. मग इंटरनेटच्या पानावर गेलो. जिथं माझी आयडी असायची तिथं `Dynamic IP` निवडलेलं होतं, आणि पीपीपीओई निवडून पाहिलं तर आयडी-पासवर्डच्या दोन्ही चौकटी रिकाम्या. मे महिन्यात दुकानदाराच्या काउंटरवर उभं राहून एवढं पाहायला पाच मिनिटं लागली असती. तेव्हा आयडीचा पासवर्ड माझ्याकडे लिहिलेला नव्हता, पुसला तर पुन्हा कुठून आणायचा ही भीतीही मनात होती. तो पासवर्ड केबलवाला फोनवर लगेच सांगतो, हे मला माहीत नव्हतं.

तुमचा राउटर केबलवाल्यानेच दिलेला असेल तर मात्र तो विकू नका. तो त्यांचा असतो आणि काहींमध्ये रिसेट केल्यावरही त्यांची सेटिंग वायरीतून परत येते. तो त्यांना परत करून पावती घ्या.

माझा तो जुना राउटर शेवटी भाच्याने रेणापूरला नेला. नेताना त्याच्या समोर ते पान उघडून दोन्ही चौकटी रिकाम्या दाखवल्या, मगच पिशवीत घातला.