Match Color सात महिने वापरल्यावर: चेहरा जुळतो, मान नाही

ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेले असतात, मग त्याच माणसाचा दुसऱ्या फ्रेममधला चेहरा आणून लावायचा, असलं काम मी फोटोशॉपमध्ये सात महिने करतोय. सुरुवातीला सगळा भरवसा Match Color वर. सोर्समध्ये टार्गेटचा, म्हणजे ज्यात चेहरा लावायचा तो ग्रुप फोटो निवडायचा, Fade थोडा वाढवायचा, झालं. पण बऱ्याचदा चेहरा मुखवट्यासारखा दिसायचा, कारण सिलेक्शन केलं नाही तर ते अख्ख्या फोटोचे रंग मोजतं, म्हणजे मागची भिंत आणि कपडे पण त्यात आले. दोन्हीकडे फक्त त्वचा सिलेक्ट केली की बरंच सुधारतं, तरी मान वेगळी दिसायचीच.

चूक माझीच होती, मी चेहरा मानेशी जुळवत होतो. खऱ्या माणसाचा चेहरा आणि मान मुळात एका रंगाचे नसतातच, चेहऱ्यावर लाली जास्त असते, मान हनुवटीच्या सावलीत असते आणि शर्टाचा रंगही तिच्यावर पडतो. म्हणून आता चेहऱ्यासोबत त्याची मान पण थोडी कापून आणतो आणि मानेशी मान जुळवतो, चेहरा आपोआप मागे येतो. (शर्ट दोन्हीकडे तोच असेल तर उत्तम.)

परवाचंच घ्या. चेहरा बल्बच्या पिवळ्या उजेडातला, टार्गेट खिडकीपाशी. कलर सँपलर ११ बाय ११ ॲव्हरेजवर ठेवून आणलेल्या मानेचा उजेडातला भाग मोजला, आकडे R 196, G 150, B 122, टार्गेटच्या मानेवर 172, 136, 122. जबड्याखालच्या सावलीत आणलेले 110, 74, 52 आणि तिथले 92, 70, 64. मग चेहऱ्याच्या लेयरला क्लिप केलेल्या कर्व्ह्जमध्ये प्रत्येक चॅनलला दोनच पॉइंट दिले. रेडला 196 चे 172, 110 चे 92, ग्रीनला 150 चे 136, 74 चे 70. ब्लूची गंमत बघा, उजेडात 122 तसाच राहिला पण सावलीत 52 चा 64 करावा लागला, कारण खिडकीचा थंड उजेड सावलीत भरलाय. टेंपरेचरचा एकच स्लायडर ओढला असता तर उजेडातला निळाही वाढला असता. रॉ फाइल असेल तर व्हाइट बॅलन्स आधी तिथेच जवळ आणा, मग कर्व्ह्जला फार काम उरत नाही.

नंतर जबड्याच्या कडेला मऊ ब्रशने मास्क, आणलेली मान झाकायची. तपासायला सगळ्यात वर ५० टक्के ग्रे लेयर Luminosity मोडमध्ये टाकतो, उजेड-अंधार निघून जातो आणि नुसता रंग दिसतो, जबड्यापाशी रंगाची उडी असली की लगेच कळते. बघून झालं की तो लेयर बंद करा, मी एकदा तसाच एक्सपोर्ट केला होता 😅

कपाळावर रेड 255 ला अडकलेला असेल तर मात्र काही चालत नाही, कर्व्ह खाली ओढला की तिथे सपाट करडा डाग पडतो. अशा वेळी दुसरी फ्रेम शोधतो. आणि Match Color? लांबच्या, छोट्या चेहऱ्यांना अजून तेच वापरतो, लेयरची कॉपी करूनच, कारण ते थेट पिक्सेल बदलतं.