प्रमाणांची यादी: कानाने की कॅप्शनवरून?

दोन-सव्वादोन तासांच्या कीर्तनात किंवा प्रवचनात आधाराला घेतलेली वचने, म्हणजे प्रमाणे, कोणती आली, कोणत्या ग्रंथातली आणि कितव्या मिनिटाला, अशी यादी करायची असेल तर रस्ते दोनच. यूट्यूबवर आपोआप उमटणारी कॅप्शन उघडून त्यात शोधायचे, नाहीतर वही किंवा शीट घेऊन सलग ऐकायचे. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत.

कॅप्शनचा मोठा फायदा म्हणजे शोध. ट्रान्सक्रिप्ट उघडून श्लोक शोधण्यात मात्र अर्थ नाही. श्लोकाआधी येणारे शब्द शोधावेत. ‘तुकोबाराय म्हणतात’, ‘माउली म्हणतात’, ‘भगवंत सांगतात’, ‘श्रुती म्हणते’ असे चार-पाच शब्दप्रयोग Ctrl+F ने धुंडाळले की निम्म्याहून जास्त जागा सापडतात, तेही वीस-पंचवीस मिनिटांत. वक्ता संथ, गद्य बोलणारा असेल आणि साथ नसेल, तर एवढ्यावर काम भागू शकते.

अडते ते पुढे. कॅप्शनला आजची भाषा कळते, जुनी मराठी आणि संस्कृत संधी कळत नाहीत. ‘वाग्यज्ञें’ त्याच्या हाती लागले की त्याचे ‘वा यज्ञे’सारखे काहीतरी होते. चूक वाचताना लक्षात आली तर ठीक. पण तोच मजकूर उचलून ग्रंथाच्या प्रतीत शोधला तर काहीच मिळत नाही, आणि ओवी ज्ञानेश्वरीतली नसावी अशी आपली समजूत होते. त्याहून त्रासाचे म्हणजे गायलेला चरण. बुवा अर्धा चरण म्हणतात, उरलेला टाळकरी उचलतात, वर मृदंग असतो. तिथे बहुतेकदा नुसते [संगीत] उमटते. म्हणजे ज्या जागेसाठी यादी करायची, नेमकी तीच रिकामी. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

कानाने करताना वेग १.२५ ठेवावा, दीडवर अर्ध्या चरणांची सुरुवात निसटते. प्रमाण आले की K ने थांबवावे, J ने दहा सेकंद मागे जाऊन पहिला शब्द नेमका पकडावा आणि त्याच्या दोन सेकंद आधीची वेळ लिहावी. ‘म्हणतात’ची वेळ लिहू नये, कारण त्यानंतर बुवा कधीकधी मिनिटभर प्रस्तावना करतात. मूळ त्याच वेळी शोधत बसू नये. सुरुवातीचे तीन-चार शब्द आणि वक्त्याने सांगितलेले ग्रंथाचे नाव एवढेच टिपावे. ग्रंथ दुसऱ्या फेरीत काढावेत. दोन तासांच्या कीर्तनाला माझे साडेतीन-चार तास जातात, हे मान्य करायला हवे.

यादीतल्या नोंदी अशा दिसाव्यात:

```
0:41:18 द्वा सुपर्णा सयुजा सखाया | मुंडक ३.१.१; ऋग्वेद १.१६४.२० | पूर्ण
1:12:05 मूकं करोति वाचालं | गीताध्यान | वक्ता: गीता
1:48:40 आतां विश्वात्मकें देवें | ज्ञानेश्वरी अ. १८, पसायदान | अर्धी ओवी
```

पहिल्या नोंदीतला मंत्र श्वेताश्वतरातही (४.६) आहे. वक्त्याने उपनिषदाचे नाव घेतले असेल तर तेच आधी लिहावे, नसेल तर दोन्ही-तिन्ही. ‘नायमात्मा प्रवचनेन लभ्यो’चेही तसेच: कठ १.२.२३ आणि मुंडक ३.२.३. दुसऱ्या नोंदीत वक्त्याची चूक पुसलेली नाही, बाजूला ठेवली आहे. ऐकणारा गीतेत शोधून दमणार नाही. तिसऱ्या नोंदीत ओवीचा क्रमांक मुद्दाम गाळला आहे, कारण तो प्रतीगणिक बदलतो. क्रमांक द्यायचाच असेल तर प्रतीचे नावही द्यावे. तुकोबांच्या गाथेला हे आणखी लागू: आवृत्ती न सांगता दिलेला अभंग क्रमांक जवळजवळ निरुपयोगी, त्यापेक्षा पहिला चरण बरा. गीतेच्या तेराव्या अध्यायातही काही प्रती ‘प्रकृतिं पुरुषं चैव’ने सुरू होतात, म्हणून ‘इदं शरीरं कौन्तेय’ कुठे १३.१ असते, कुठे १३.२.

थेट प्रक्षेपणाचा व्हिडिओ नंतर सुरुवातीला छाटला गेला की सगळ्या वेळा सारख्याच सरकतात. वेळेचा रकाना खरा वेळ म्हणून ठेवला असेल, मजकूर म्हणून नाही, तर ४५ सेकंदांची छाट एका सूत्रात भरून निघते:

```
=A2-TIME(0,0,45)
```

यादी व्हिडिओखाली लावताना वेळ इंग्रजी अंकांत लिहावी. 0:00 ची ओळ घातली तर यादीची प्रकरणे बनू लागतात, आणि त्यांना प्रत्येकी किमान दहा सेकंद लागतात. लागोपाठ आलेली प्रमाणे तिथे बसत नाहीत. ती ओळ गाळावी.

कॅप्शन मी सोडलेले नाही. कानाची फेरी झाली की शेवटी ‘म्हणतात’ शोधून निसटलेली एक-दोन प्रमाणे त्यातून काढतो. ज्यांच्याकडे वेळ खरोखरच कमी आहे त्यांनी उलट क्रम धरला तरी हरकत नाही. फक्त [संगीत] असलेली प्रत्येक जागा एकदा ऐकावी.