उशिरा आलेले, लवकर गेलेले संचालक: मिनिट्समध्ये हजेरी कशी लिहावी?

व्हिडिओवर झालेल्या संचालक मंडळाच्या बैठकीचे मिनिट्स ट्रान्सक्रिप्टवरून लिहिताना हजेरी तीन प्रकारे नोंदवता येते. पहिला प्रकार म्हणजे वर 'उपस्थित' आणि 'रजा मंजूर' अशा दोन याद्या. दुसऱ्यात त्याच यादीत नावापुढे येण्याजाण्याची वेळ येते. तिसऱ्यात कार्यसूचीच्या प्रत्येक विषयाखाली कोण नव्हते ते लिहिले जाते. रोजच्या कामात पहिला सगळ्यात सोपा वाटतो. पण वाद उभा राहिला की पहिला प्रश्न असतो 'त्या ठरावाच्या वेळी कोण होते', आणि त्याचे उत्तर तिसऱ्याच पद्धतीत मिळते.

एक उदाहरण घेऊ. सार्वजनिक कंपनी, सात संचालक. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७४ प्रमाणे कोरम एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जास्त. सातचा एक तृतीयांश २.३३, अपूर्णांक वर धरायचा, म्हणून कोरम तीन. दोघांची रजा आहे. अ आणि ब बोर्डरूममध्ये एकाच स्क्रीनसमोर बसले आहेत. क, ड, इ व्हिडिओवर आहेत. बैठक ११:०० ला सुरू झाली, ट्रान्सक्रिप्ट मात्र ११:०६ ला. क ११:२७ ला आला, तेव्हा तिसरा विषय (तिमाही निकाल) अर्धा झाला होता. त्याचा निर्णय ११:४० ला झाला. चौथा विषय बँकेच्या कर्जाचा. ११:५८ ला ड याने तारणावर हरकत घेतली, १२:०२ ला तो गेला आणि १२:०५ ला ठराव झाला. पाचवा विषय अ याचा हितसंबंध असलेल्या कंपनीशी कराराचा. त्यात १२:११ ते १२:१९ इ याचे कनेक्शन तुटले होते. निर्णय १२:२६ ला झाला.

हेच तीन पद्धतींत असे दिसते:

| | एकच यादी | यादी आणि वेळ | विषयवार नोंद |
|---|---|---|---|
| क | उपस्थित | ११:२७ पासून | विषय १, २ मध्ये नव्हता. विषय ३ च्या चर्चेत मध्येच आला, निर्णयाला होता |
| ड | उपस्थित | १२:०२ पर्यंत | विषय ४ च्या चर्चेत होता, निर्णयाला नव्हता. विषय ५ मध्ये नव्हता |
| इ | उपस्थित | १२:११ ते १२:१९ नाही | विषय ५ मध्ये आठ मिनिटे नव्हता, निर्णयाला होता |

कलम ११८ नुसार ठेवलेले मिनिट्स बैठकीचा पुरावा ठरतात आणि उलट सिद्ध होईपर्यंत त्यांतली नोंद खरी मानली जाते. त्यामुळे पहिल्या यादीतला 'उपस्थित' शब्द ड याला कर्जाच्या ठरावाशी बांधतो, तो तेव्हा नसला तरी. कलम २(६०) मधल्या 'कसूरदार अधिकारी' या व्याख्येत कामकाजात भाग घेऊन हरकत न घेणारा संचालकही येतो. स्वतंत्र संचालकाची जबाबदारी कलम १४९(१२) ठरवते, आणि तिथेही त्याला काय माहीत होते, त्याची संमती होती का, त्याने दक्षता घेतली का, हे पाहिले जाते.

इथे बरेच जण गफलत करतात. ड १२:०२ ला गेला ही नोंद त्याला आपोआप मोकळे करत नाही. बैठकीचे कामकाज हाती आल्यामुळे ज्याला उल्लंघनाची माहिती झाली, तोही कलम २(६०) मध्ये येतो. मसुदा मिनिट्स १५ दिवसांत फिरतात आणि हरकतीला सात दिवस मिळतात. त्या सात दिवसांत ड गप्प राहिला, तर लवकर गेल्याचा त्याला फारसा उपयोग नाही. आणि त्याची ११:५८ ची हरकत मतविरोध म्हणूनही लिहिता येत नाही, कारण निर्णयाच्या वेळी तो नव्हता. अचूक वाक्य असे: 'ड यांनी चर्चेत तारणाबाबत हरकत मांडली, ठराव मंजूर होताना ते उपस्थित नव्हते.' या वाक्याचे दोन्ही भाग लागतात.

पाचव्या विषयात प्रश्न ठरावाच्या वैधतेचाच आहे. हितसंबंधामुळे अ कोरममध्ये मोजला जात नाही, ड गेला आहे. उरले ब, क, इ, म्हणजे बरोबर तीन. इ तुटला त्या आठ मिनिटांत दोनच उरले. कोरम फक्त सुरुवातीला असून भागत नाही, कामकाज चालू असेपर्यंत लागतो. १२:११ ला अध्यक्षांनी काम थांबवले आणि १२:१९ ला पुन्हा सुरू केले, एवढे मिनिट्समध्ये असेल तर ठराव टिकतो. चर्चा चालूच राहिली असेल तर ती इ याच्यासमोर नव्याने व्हायला हवी होती. मिनिट्स लिहायला बसल्यावर हे दुरुस्त करता येत नाही.

ट्रान्सक्रिप्टवर कितपत विसंबायचे? बोलणे टिपायला ते चांगले, हजेरीला कच्चे. त्यात बोलणाराच दिसतो. क आला ११:२७ ला, पण पहिल्यांदा बोलला ११:३६ ला. ट्रान्सक्रिप्टवरून नऊ मिनिटे चुकतात, आणि गप्प बसणारा तर बैठकीत आलाच नाही असे वाटते. ड याचे शेवटचे वाक्य ११:५८ चे, म्हणजे जाण्याच्या चार मिनिटे आधीचे. शिवाय डाउनलोड केलेल्या `.vtt` फाइलमधली वेळ घड्याळाची नसते, नोंद सुरू झाल्यापासूनची असते:

```
00:52:00.000 --> 00:52:09.000
```

यात ११:०६ मिळवले की ११:५८ येतात. मध्ये ट्रान्सक्रिप्ट थांबवून पुन्हा सुरू केले असेल तर प्रत्येक तुकड्याची सुरुवात वेगळी धरावी लागते. ११:०६ च्या आधीची नावनिशी हजेरी तर यात नाहीच. नियमाप्रमाणे तिच्यात प्रत्येकाने आपले नाव आणि ठिकाण सांगायचे असते, कार्यसूची मिळाली आहे आणि आपल्याजवळ दुसरे कोणी बसलेले नाही असेही सांगायचे असते. म्हणून रेकॉर्डिंग आधी चालू करावे, हजेरी नंतर घ्यावी.

येण्याजाण्याच्या वेळा मीटिंगच्या हजेरी अहवालातून घ्याव्यात. तोही यंत्राची हजेरी सांगतो, माणसाची नाही. बोर्डरूमच्या स्क्रीनचे एकच नाव दिसते. पाचव्या विषयाला अ खोलीबाहेर गेला का, हे अहवालात कुठेच येत नाही. कोणी मोबाइलवरून पुन्हा जोडला की दुसऱ्याच नावाची ओळ उमटते. म्हणून कंपनी सेक्रेटरीने प्रत्येक येण्याजाण्याला मोठ्याने बोलावे: 'ड १२:०२ वाजता बैठकीतून गेले, कोरम कायम आहे.' मग ते ट्रान्सक्रिप्टमध्येही उतरते. खोलीतल्या माणसांसाठी मात्र वहीतली टिपणेच विश्वासाची.

निवड करायची तर मिनिट्समध्ये विषयवार नोंद ठेवावी. सचिवीय मानक एसएस-१ मध्येही अर्धवेळ हजर राहिलेल्या संचालकाचा सहभाग विषयांनुसार दाखवणे अपेक्षित आहे. मिनिटामिनिटाच्या वेळा वेगळ्या कार्यपत्रकात ठेवाव्यात. मिनिट्समध्ये वेळ फक्त कोरमवर किंवा एखाद्या निर्णयावर परिणाम होतो तिथे घालावी. नाहीतर नेट गेल्याच्या दोन-दोन सेकंदांच्या नोंदींनी पान भरते आणि इ याची आठ मिनिटे त्यातच हरवतात. सगळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत होते, कोणाचा हितसंबंध नव्हता, अशी बैठक असेल तर एकच यादी पुरते. कार्यपत्रक, हजेरी अहवाल आणि रेकॉर्डिंग निदान त्या वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावे. ड याने सात दिवसांत 'मी तेव्हा नव्हतो' असे लिहिले तर त्याला दाखवायला हेच असते.